एका खऱ्या गोष्टीतून घोषवाक्य कसे घडवावे
(बचत गटांसाठी आणि त्यांना साहाय्य करणाऱ्या मंडळ्यांसाठी अभ्यासलेख)



कापणीच्या सणाला आणि ख्रिस्तजयंतीच्या विक्रीला आपल्या आवारात आदिवासी बहिणींच्या मालाचे टेबल लागते. मध, हळद, मोहाचे लाडू, बांबूच्या टोपल्या असा तो माल असतो. माल चांगला असतो, पण बाटलीवर बहुधा "शुद्ध व नैसर्गिक" एवढेच लिहिलेले असते. हेच शब्द शहरातल्या दुकानातल्या प्रत्येक बाटलीवरही असतात, म्हणून ते वाचून गिऱ्हाइकाला वेगळे काहीच कळत नाही. मग आपण टेबलामागे उभे राहून म्हणतो, "गरीब बहिणींना मदत म्हणून घ्या." लोक घेतातही, पण दयेपोटी घेतलेली बाटली एकदाच घेतली जाते. दुसरी बाटली घ्यायला कारण त्या मालातच असावे लागते आणि ते घोषवाक्यात दिसावे लागते.

या अंकात एका मधाच्या बाटलीसाठी घोषवाक्य कसे तयार झाले, ते पायरीपायरीने मांडते. वर्धा जिल्ह्यातल्या एका गोंड वस्तीवरचा सात बहिणींचा हा गट आहे. घरचे पुरुष झाडावर चढून मध उतरवतात. बहिणी तो गाळतात, भरतात आणि विकतात. पद्धत समजून घेतली की ती कोणत्याही मालाला लावता येईल.

पहिली पायरी : खऱ्या गोष्टींची यादी

लिहायला बसण्याआधी माल कसा तयार होतो हे तो तयार करणाऱ्यांकडूनच ऐकावे. "तुमच्या मधात विशेष काय?" असा प्रश्न विचारू नये, कारण त्याला "चांगला आहे" असेच उत्तर मिळते. त्याऐवजी "सकाळी निघाल्यापासून बाटलीचे झाकण लागेपर्यंत काय काय करता, ते क्रमाने सांगा" असे म्हणावे आणि ऐकलेले जसेच्या तसे लिहून घ्यावे.

हा मध आग्या माश्यांचा आहे. आग्या माशी पेटीत राहत नाही. उंच झाडाच्या फांदीला किंवा कड्याला तिचे एकच मोठे उघडे पोळे लटकते. त्या पोळ्याचा फांदीजवळचा, एका टोकाचा जाड भाग मधाचा असतो आणि उरलेल्या भागात पिलं, म्हणजे अंडी व अळ्या असतात. जुनी रीत अशी की पलित्याने माश्या जाळून हाकलायच्या, सगळे पोळे उतरवायचे आणि हाताने पिळायचे. त्यात पिलंही पिळली जातात. त्यांचा रस व परागकण मधात उतरतात आणि असा मध लवकर आंबतो. शिवाय त्या वसाहतीची पुढची पिढी तिथेच संपते.

या गटातील पुरुष अंगभर संरक्षक पोशाख घालून चढतात, थोडा धूर देऊन माश्या बाजूला सारतात आणि फक्त मधाचा भाग कापतात. पिलांचा भाग फांदीलाच राहतो. फुलोरा शिल्लक असला तर माश्या तिथेच मधाचा भाग पुन्हा बांधू शकतात. खाली आणलेला मध पिळत नाहीत, स्वच्छ फडक्यातून आपोआप गळू देतात. आग्या माश्यांचा मध पोळे न मोडता काढण्याचे शिक्षण आदिवासी मधसंकलकांना देण्याचे काम वर्ध्याच्या सेंटर फॉर बी डेव्हलपमेंट या संस्थेने केले आहे. ग्रामोद्योगांची तर वर्ध्याला जुनीच ओळख आहे. 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ इथेच स्थापन झाला आणि त्याचे काम मगनवाडीतून चाले. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे आपल्यासारखेच ख्रिस्ती होते. निसर्गातल्या निरनिराळ्या अर्थव्यवस्था समजावताना, स्वतःपुरते न पाहता समूहासाठी राबण्याचा दाखला म्हणून त्यांनी मधमाशी घेतली.

बहिणींच्या बोलण्यातून यादीत सात गोष्टी आल्या : मध रानातला आहे, साखर मिसळलेली नाही, गोंड बहिणी तो भरतात, पोळ्याचा मधाचाच भाग कापतात, मध पिळत नाहीत, तो खोकल्याला चालतो, पैसा थेट गटाला मिळतो.

दुसरी पायरी : एकच गोष्ट निवडणे

सातही गोष्टी एका बाटलीवर घातल्या तर एकही लक्षात राहत नाही. म्हणून प्रत्येक गोष्टीला तीन प्रश्न विचारले. ही गोष्ट आपल्याला दाखवून देता येते का? दुसरा विक्रेता हेच म्हणू शकतो का? घेणाऱ्याला याने काही फरक पडतो का?

"साखर मिसळलेली नाही" हे खरे होते, पण टेबलावर ते सिद्ध करता येत नाही. काडी पेटवून पाहणे, पाण्यात थेंब सोडणे या घरगुती परीक्षा भरवशाच्या नाहीत. खरे उत्तर प्रयोगशाळाच देते. शिवाय "शुद्ध", "नैसर्गिक", "पारंपरिक" अशा शब्दांच्या वापरालाही 2018 च्या अन्न जाहिरात व दावे नियमांत अटी आहेत. "खोकल्याला चालतो" हे घरोघरी म्हटले जाते, पण अन्नपदार्थ रोग बरा करतो असे बाटलीवर लिहिता येत नाही. "पैसा थेट गटाला" हे खरे आणि चांगले आहे, मात्र ते मधाबद्दल काही सांगत नाही. ते पत्रकात मागच्या बाजूला शोभेल.

तिन्ही प्रश्नांतून एकच गोष्ट पार पडली. कापतानाचे फोटो होते आणि मागे राहिलेले पोळे झाडावर दाखवता येत होते. बाजारातला पिळलेला मध विकणारा असे म्हणू शकत नव्हता. घेणाऱ्यालाही तळाशी गाळ नसलेला मध मिळत होता. ही गोष्ट आम्ही एका साध्या वाक्यात, एकही विशेषण न वापरता, फळ्यावर लिहिली : "आम्ही पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापतो, पिलांचा भाग झाडावर ठेवतो, आणि मध पिळत नाही."

हे अजून घोषवाक्य झालेले नाही. घोषवाक्ये ज्यातून घडवायची तो हा कच्चा माल आहे. तो फळ्यावर शेवटपर्यंत राहू द्यावा, कारण पुढे प्रत्येक ओळ त्याच्याशीच ताडून पाहायची असते.

तिसरी पायरी : सहा दारांतून आठ-आठ ओळी

इथे बहुतेक गट चुकतात. चार ओळी सुचल्या की त्यातली बरी वाटणारी उचलतात. पण पहिल्या आठ-दहा ओळी ऐकून ऐकून तोंडात बसलेल्याच असतात : "निसर्गाची देणगी", "रानातला गोडवा", "आरोग्याचा ठेवा". त्या एकदा कागदावर उतरल्या की मन रिकामे होते आणि मग खरे सुचू लागते. म्हणून आकडा आधीच ठरवावा. आम्ही अठ्ठेचाळीस ठरवला : सहा दारे आणि प्रत्येक दारातून आठ ओळी. दार म्हणजे त्याच एका सत्याकडे पाहण्याची जागा.

पहिले दार : मागे काय राहिले? इथून आले "मध घेतला, घर ठेवलं", "मध उतरला, मोहोळ राहिलं", "मध आमचा, पोळं माश्यांचं".

दुसरे दार : आम्ही काय करत नाही? इथून "न पिळलेला मध", "पिळून नाही, गळून आलेला", "एकही माशी न मारता".

तिसरे दार : माशीच्या बाजूने. इथून "पिलं पोळ्यात, मध बाटलीत", "माशी राहते, म्हणून मध येतो".

चौथे दार : घेणाऱ्याच्या स्वयंपाकघरातून. इथून "तळ पाहा, गाळ शोधा", "पोळीवर मध, पोळ्यात पिलं", "पिळलेल्या अळ्या नाहीत".

पाचवे दार : प्रश्न. इथून "मध काढल्यावर माश्या कुठे गेल्या?", "तुमच्या मधाचं पोळं आज कुठे आहे?"

सहावे दार : आपली बोली आणि आपली जागा. इथून "मोहोळ तसंच हाय जी", "बोरच्या रानातून, पोळं राखून", "बायकांनी उतरवलेला मध".

लिहिताना दोन नियम पाळले. एक, कोणाच्याही ओळीला त्या वेळी "नको" म्हणायचे नाही. वाईट ओळीच्या पाठीवर बसून पुष्कळदा चांगली ओळ येते. दुसरा, ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी बोलायचे आणि लिहिता येणारीने शब्द न सुधारता उतरवायचे. "पिलं पोळ्यात" हे शब्द अंगठा उठवणाऱ्या एका मावशींच्या तोंडून आले. सुशिक्षित हाताने तिथे "बालमाश्या" लिहिले असते आणि ओळ मेली असती. हे काम दोन संध्याकाळी, दर वेळी सुमारे पाऊण तास चालले. नंतर कागद मिटून दोन दिवस बाजूला ठेवले. ताजी ओळ लिहिणाऱ्याला नेहमीच सुंदर दिसते; दोन दिवसांनी ती परक्याची ओळ म्हणून वाचता येते.

चौथी पायरी : तीन चाळण्या

निवडायला बसताना "कोणती आवडली?" असे विचारू नये. तसे विचारले की मोठ्या आवाजाच्या व्यक्तीची ओळ जिंकते. आधी गाळावे, आवडीचे नंतर पाहावे.

पहिली चाळणी खरेपणाची. फळ्यावरच्या वाक्यापेक्षा तसूभरही जास्त बोलणारी ओळ खोडायची. "एकही माशी न मारता" ही ओळ सगळ्यांना फार आवडली होती. गांधीजींच्या सेवाग्रामच्या जिल्ह्यात "अहिंसक मध" म्हणणे मोहात पाडणारेही होते. पण त्याच मावशी म्हणाल्या, "एखाददुसरी माशी तं मरतेच ना ताई. पोळ्यापाशी हात नेला का तिले राग येतेच." ओळ खोडली. "बायकांनी उतरवलेला मध" खोडली, कारण उतरवतात पुरुष. "बोरच्या रानातून" खोडली, कारण बोर म्हटले की लोकांना व्याघ्र प्रकल्प आठवतो आणि हा मध तिथला नव्हे. "प्रभूच्या आशीर्वादाचा मध" अशीही एक ओळ आली होती. गटातल्या बहुतेक बहिणी ख्रिस्ती नाहीत, आणि प्रभूचे नाव विक्रीसाठी वापरणे मला धर्मसेविका म्हणूनही योग्य वाटत नाही. मत्तय 5:37 मध्ये आपल्या बोलण्याविषयी जे सांगितले आहे, ते बाटलीवरच्या चार शब्दांनाही लागू आहे. या चाळणीत अकरा ओळी गेल्या, सदतीस उरल्या.

दुसरी चाळणी शेजारच्या बाटलीची. आपली ओळ बाजारातल्या दुसऱ्या मधाच्या बाटलीवर चिकटवली आहे असे समजावे. ती तिथेही शोभत असेल तर ती आपली नव्हे. "रानातला गोडवा" कुठेही शोभते. "माशी राहते, म्हणून मध येतो" ही ओळ पेटीतल्या मधालाही लागू पडते. या चाळणीत सर्वांत जास्त, म्हणजे एकोणीस ओळी गेल्या. इतक्या जाणारच, त्याचे वाईट वाटू देऊ नये. अठ्ठेचाळीस लिहिण्याचे कारणच हे होते.

तिसरी चाळणी तोंडाची आणि पोटाची. प्रत्येक ओळ दुसऱ्या बहिणीने मोठ्याने वाचायची. वाचताना अडखळली, किंवा एका श्वासात बसली नाही, तर खोडायची. ऐकून पोटात ढवळले तरी खोडायची. "पिळलेल्या अळ्या नाहीत" ही ओळ शंभर टक्के खरी आहे, पण ती वाचून कोणी मध चाखणार नाही. "पोळीवर मध, पोळ्यात पिलं" वाचताना पोळी आणि पोळे यांचा गोंधळ झाला. इथे बारा गेल्या आणि सहा उरल्या.

पाचवी पायरी : बाहेरच्या बारा जणांना विचारणे

उरलेल्या सहांतून निवड गटाने करू नये, मीही करू नये. आम्हाला सगळी गोष्ट माहीत असते, म्हणून प्रत्येक ओळ आम्हाला समजतेच. बाजाराच्या दिवशी आम्ही मधाशी संबंध नसलेल्या बारा जणांना सहा ओळींचा कागद एकदाच वाचायला दिला, किंवा वाचून दाखवला. मग दहा मिनिटे पाऊसपाण्याच्या, पिकाच्या गप्पा केल्या. त्यानंतर दोनच प्रश्न विचारले : "त्यातली कोणती ओळ आठवते?" आणि "तिचा अर्थ तुम्हाला काय लागला?" "कोणती आवडली?" हे इथेही विचारले नाही.

"पिलं पोळ्यात, मध बाटलीत" नऊ जणांना आठवली आणि आठ जणांनी अर्थ बरोबर सांगितला. एकाने विचारले, "कोणाची पिलं?" त्यावर चिठ्ठीवर पोळ्याचे चित्र असावे असे ठरले.

"मध घेतला, घर ठेवलं" सात जणांना आठवली. पण त्यातल्या चौघांना वाटले, मधासाठी कोणी घर गहाण ठेवले! आमच्या सात जणींपैकी एकीच्याही हे ध्यानात आले नव्हते. ओळ गेली.

"मोहोळ तसंच हाय जी" दहा जणांना आठवली, म्हणजे सर्वांत जास्त. लोक हसले, परत म्हणून दाखवू लागले. मात्र ती मध काढण्याबद्दल आहे हे तिघांनाच कळले. बाकीच्यांना फक्त बोलीची गंमत लक्षात राहिली. आठवण आणि अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ओळीला दोन्ही लागतात.

"मध उतरला, मोहोळ राहिलं" सहा जणांनाच आठवली, पण त्या सहाही जणांना अर्थ अचूक कळला. "मध काढल्यावर माश्या कुठे गेल्या?" ही आठ जणांना आठवली, आणि जवळजवळ प्रत्येकाने उलट विचारले, "मग कुठे गेल्या?" "न पिळलेला मध" पाच जणांना आठवली, तिचा अर्थ कळला, पण कोणाला पुढे काही विचारावेसे वाटले नाही.

सहावी पायरी : प्रत्येक ओळीला तिची जागा

शेवटी तीन ओळी ठेवल्या आणि प्रत्येकीला जागा दिली. बाटलीवर "पिलं पोळ्यात, मध बाटलीत", कारण बाटलीजवळ समजावणारे कोणी नसते आणि ही ओळ चित्रासह एकटी उभी राहते. टेबलावरच्या पाटीवर "मध काढल्यावर माश्या कुठे गेल्या?", कारण तिथे उत्तर द्यायला बहीण उभी असते आणि प्रश्नाने बोलणे सुरू होते. मंडळीत सूचना वाचताना "मध उतरला, मोहोळ राहिलं", कारण ती कानाला सोपी आहे आणि चुकीचा अर्थ लागत नाही. "न पिळलेला मध" ही ओळ घोषवाक्य म्हणून नाही, तर साधे वर्णन म्हणून चिठ्ठीच्या मागे गेली. तिथेच वजन, भरल्याची तारीख आणि "एक वर्षाखालील बाळास देऊ नये" ही सूचना आहे.

घोषवाक्य छापल्यावर

खरे घोषवाक्य छापले की ते आपल्याला बांधून घेते. ख्रिस्तजयंतीच्या आधी एका व्यापाऱ्याने या गटाकडे चाळीस किलो मध मागितला. गटाकडे बावीस किलो होता. "बाकीचा मी आणून देतो, तुमच्या बाटल्यांत भरा," असे तो म्हणाला. अठरा किलोचा पैसा सात घरांना लहान नव्हता. त्या संध्याकाळी बहिणींनी फळ्यावरचे वाक्य पुन्हा वाचले. आणलेल्या मधाचे पोळे कुठे आहे, त्यातली पिलं कुठे आहेत, हे त्यांना सांगता येणार नव्हते. त्यांनी बावीस किलोच दिला. व्यापारी कुरकुरला, पण तेवढा घेऊन गेला.

आता गट एक वही ठेवतो : तारीख, झाड, पोळी किती, मध किती, पिलांचा भाग राखला का, आणि चढणाऱ्याची सही किंवा अंगठा. एखाद्या हंगामात वहीत "राखला" असे लिहिता आले नाही, तर त्या मधाच्या बाटल्यांवर ही ओळ लावायची नाही असे ठरले आहे.

मंडळीतील गटासाठी सराव

1. आपल्या टेबलावरचा एक माल निवडा. तो करणाऱ्या बहिणीकडून तो कसा होतो हे क्रमाने ऐका आणि तिच्याच शब्दांत लिहा.

2. त्यातून दाखवून देता येईल अशी एकच गोष्ट एका वाक्यात, विशेषण न वापरता लिहा.

3. सहा दारांतून आठ-आठ ओळी लिहा. दोन दिवस थांबा. मग तीन चाळण्या याच क्रमाने लावा. खरेपणाची चाळणी पहिली असावी, म्हणजे खोट्या ओळीवर जीव जडण्याआधीच ती निघून जाते.

4. पुढच्या रविवारी उपासनेनंतर गटाबाहेरच्या बारा जणांना ते दोन प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहून ठेवा. वायगावची हळद निवडणार असाल तर एक लक्षात ठेवा : त्या नावाला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे समुद्रपूर तालुक्यातल्या त्या भागाबाहेरची हळद त्या नावाने विकता येत नाही.

आपल्या गटाच्या शेवटच्या तीन ओळी संपादकांकडे पाठवा. खोडलेल्या ओळीही पाठवल्यात तर फार बरे. त्या का खोडल्या हे वाचून दुसऱ्या गटांना जास्त शिकता येईल.

प्रभूच्या सेवेत आपली एक बहीण